मदत हवी आहे: नडगी दुखतेय, पळणं कमी करायचं की बंद?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण पोलीस भरतीसाठी जळगावात मेहरूण तलावाकडे डांबरी रस्त्यावर पळतेय. पहिल्यांदाच पळतेय, अन् अंतर एकदम वाढवलं. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूला वीतभर पट्टा दुखायचा; अंग गरम झालं की कमी व्हायचा. तेवढ्यासाठी अंतर निम्मं करून, दिवसाआड, मातीवर पळलं तरी चालतं, हे माहीत आहे.

पण आता एका बोटाएवढ्या जागी दाबलं तरी ती कळवळते, रात्रीही ठणका असतो. हाडाला बारीक चीर असेल तर पळणं पूर्ण बंदच ना? भरतीपायी ती ऐकत नाही. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, मग थेट एमआरआय करावा का? कुणाला असा अनुभव आहे का?