इंडक्शन शिकवायला मोजकी गणितं पुरतात का?

मंजिरी, इंदूर: बीएससी फर्स्ट इयरला इंडक्शन घेतेय. यंदा ढीगभर गणितं न देता तीन-चारच, पण चढत्या क्रमाने द्यावीत असं वाटतंय. कुठली घ्याल?

विनायक, वडोदरा: 1+2+…+n घ्या, पण एकदाच. त्याच छापाची दहा दिली की पोरं दोन्हीकडे k+1 मिळवतात, कंस जुळवतात आणि इंडक्शन म्हणजे एवढंच असं डोक्यात बसतं. दुसऱ्या तासाला मी सरळ खोटं सूत्र देतो, 1+2+…+n = (n²+n+2)/2. k ला खरं धरून k+1 मिळवा, (k²+3k+4)/2 येतं, आणि सूत्रात k+1 घातलं तरी तेच येतं! पायरी बिनचूक. मग n=1 घालायला सांगतो, डावीकडे 1, उजवीकडे 2. प्रत्येक n ला सूत्र एकने जास्तच देतं, ती चूक पायरीपायरीने तशीच पुढे जाते. पहिली ओळ सवयीने खरडणारी पोरं इथे थांबतात.

सदाशिव, ग्वाल्हेर: मला नाही पटत. आमच्याकडची निम्मी मुलं (k+1)² सोडवतानाच अडकतात, त्यांना खोटं सूत्र दिलंत तर खरं कुठलं तेच विसरतील. आधी हात बसू दे. परीक्षेतही बेरजेची नि भाग जाण्याचीच येतात.

विनायक: हात बसायला हवा हे खरं, पण ती बीजगणिताची तयारी झाली, ती घरी द्या ना, वर्गातला वेळ त्यात कशाला.

रेवाची आई, इंदूर: मध्येच विचारते, माझी मुलगी यंदा फर्स्ट इयरला आहे, ती म्हणते "k ला खरं धरा" म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी मान्य केलं. मलाही तसंच वाटतं, ही फसवणूक नाही का?

विनायक: नाही ताई, तिला 2ⁿ > n² करायला सांगा. k ला खरं धरलं तर 2ᵏ⁺¹ > 2k², आता 2k² ≥ (k+1)² हवं, म्हणजे (k−1)² ≥ 2, ते k=3 पासून जमतं. पण n=3 ला 8 नि 9, विधान खोटं! 4 ला दोन्हीकडे 16, तेही नाही. म्हणजे पायरी चालते म्हणून विधान खरं ठरत नाही, ती फक्त "k ला असेल तर k+1 ला असेल" एवढंच सांगते. 5 ला 32 > 25, तिथून पुढे सगळं खरं. आणि n=1 ला विधान खरं असूनही पुढे जाता येत नाही, कारण तिथे पायरीच लागू नाही.

मंजिरी: हे मस्त आहे, एकाच गणितात दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसतात. तिसरं हेच घेते. खोटं सूत्र मात्र दुसऱ्याच तासाला द्यावं की भाग जाण्याचं एखादं झाल्यावर, ते अजून ठरत नाहीये.

सदाशिव: भाग जाण्याचं आधी घ्या. 2ⁿ वालं माझ्या वर्गात तरी चालणार नाही, 2k² आणायचं कुठून सुचलं असं विचारतील, आणि ते सांगण्यातच तास संपेल.

विनायक: तो प्रश्न विचारला ना, तर तास त्यावरच घालवा.