मुलं खाणाऱ्या चेटकिणी फक्त धाक दाखवायला होत्या का?

रानवारा: मुलं खाणारे राक्षस, चेटकिणी हे सगळं मोठ्यांनी पोरांना धाकात ठेवायला रचलेलं आहे. ऐक, नाहीतर बागुलबुवा नेईल, बास. यापलीकडे त्या गोष्टींत काही नाही, आता तरी बंद करा.

खडीसाखर: बागुलबुवा ही धमकी आहे हो, गोष्ट नाही. हान्सेल-ग्रेटेल घ्या ना. पोरांनी काय खोडी केली होती? काही नाही. घरातली भाकरी संपली, बाई नवऱ्याला म्हणाली पोरांना जंगलात सोडून येऊ, आणि तो रडतकुढत का होईना तयार झाला. चेटकीण पुढे भेटते, ती पण खाण्याचंच घर बांधून बसलेली. आणि ऐकण्याचं म्हणाल तर ग्रेटेल म्हातारीचं ऐकून भट्टीत शिरली असती तर भाजलीच असती. 'कसं शिरायचं मला कळत नाही, तुम्हीच दाखवा' म्हणून थाप मारते आणि तिलाच आत ढकलते. ही शिकवण आज्ञाधारकपणाची वाटते तुम्हाला?

बोलघेवडा: बरोबर, दुष्काळाचीच गोष्ट आहे. युरोपात १३१५ ला मोठा दुष्काळ पडला, लोकांनी स्वतःची पोरं खाल्ली, त्यावरून थेट आलीय. सगळीकडे लिहिलंय.

खडीसाखर: सगळीकडे लिहिलंय म्हणून खरं होत नाही भाऊ. ग्रिम बंधूंनी गोष्ट छापली १८१२ साली, मधल्या पाचशे वर्षांचा धागा कुणी दाखवलाय? दुष्काळच हवा असेल तर परीकथा लिहिणारा फ्रेंच लेखक पेरॉ घ्या. फ्रान्समध्ये १६९३-९४ ला लाखो माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, आणि त्याचं पुस्तक आलं १६९७ ला. त्यात लाकूडतोड्या आपली सातही पोरं रानात सोडतो, ती राक्षसाच्या घरी पोचतात. रात्री धाकटा आपल्या टोप्या आणि राक्षसाच्या मुलींचे मुकुट बदलून ठेवतो, राक्षस अंधारात चाचपतो आणि आपल्याच सात मुलींचे गळे कापतो. त्या मुलींनी काय केलं होतं?

बोलघेवडा: म्हणजे दुष्काळ होताच ना. मी तेच म्हणत होतो, सालात फरक.

सायली_ठाणे: तुमचं सालाचं चालू दे. पण 'बाई' म्हणून सटकलात, सावत्र आई म्हणा की सरळ! मी सावत्र आई आहे. मुलगी पहिलीत होती तेव्हा गॅदरिंगला हेच नाटक, आणि शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून हसत विचारलं, तुम्ही जंगलात नेता का हिला? रात्री दोन दोन वाजेपर्यंत हिच्या तापात जागणारी मी. राक्षस परवडला, तो निदान सगळ्यांना सारखा खातो.

खडीसाखर: मी मुद्दामच 'बाई' लिहिलं ताई. १८१२ च्या आवृत्तीत ती सख्खी आई आहे. १८४० च्या आवृत्तीत ग्रिमांनी तिला सावत्र केलं. स्नो व्हाइटच्या आईचंही तेच, १८१९ ला बदलली. घराघरात वाचायचं पुस्तक, त्यात जन्मदाती पोटच्या पोरांना टाकते हे शोभेना.

सायली_ठाणे: म्हणजे सख्ख्या आईची अब्रू राखायला आमची घालवली! आणि बाप? तो दोन्हीकडे तसाच, शेवटी पोरं त्याच्याच गळ्यात पडतात.

काकाजी_सातारा: अहो पण सावत्रपणाला काहीतरी आधार असणारच की. बाळंतपणात बायका जायच्या, दुसरी यायची, घास मोजका, तर आपल्या पोराला आधी. आमच्या वाड्यात बघितलंय.

सायली_ठाणे: काका, वाड्यात घास मोजून देणारे आजोबा नव्हते का? त्यांचा राक्षस कुणी नाही केला.

रानवारा: सावत्र आईवर धागा वेगळा काढा. माझा मुद्दा आपल्याकडचा होता. पूतना सांगा, ती कुणाला शिकवायला?

खडीसाखर: पोराला तर नाहीच, तान्ह्याला काय कळणार. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह आहेत, त्यात पूतना आहे. तिनं धरलेलं बाळ कसं, तर अंग सैल पडलेलं, दिवसा झोपतं, रात्री नाही, जुलाब, उलटी, तहान थांबत नाही. आज डॉक्टर बघितल्याबरोबर म्हणतील, अंगातलं पाणी कमी झालंय. आणि भागवतात तीच विष लावलेलं दूध पाजायला, सुंदर बाईचं रूप घेऊन येते. ही भीती आईची आहे, पाळण्यापाशी बसलेल्या बाईची.

काकाजी_सातारा: म्हणूनच पाचवीला सटवाई पुजतात. आमच्या आईनं बाळंतिणीची खोली कधी एकटी सोडली नाही, दाराशी विळा. थोतांड म्हणा खुशाल.

रानवारा: थोतांडच म्हणतो. विळ्यानं जुलाब थांबत नाहीत, आणि याच भीतीपायी एखाद्या एकट्या म्हातारीला डाकीण ठरवून मारलं जातं. त्यासाठी २०१३ ला कायदा करावा लागला. ते कोण बोलणार?

खडीसाखर: ते मान्य, शंभर टक्के. पण आधी 'पोरांना धाक' म्हणत होतात, आता म्हाताऱ्यांवर आलात. धाक नक्की कुणाला, ते तरी ठरवा.

रानवारा: बरं, पूतनेपुरतं तुमचं. बागुलबुवा माझाच. आमच्या आत्यानं त्याच्या नावानं मला कारल्याची भाजी खायला लावलीय, त्यात कुठलाही दुष्काळ नव्हता.

सायली_ठाणे: सख्खीच आत्या ना?