मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्याचा तक्ता चित्रात करायचाय, आकडे न बिघडता

तेरणाकाठ
गावातल्या सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी आम्ही चौघी बचतगटाच्या बाया ऑक्टोबरपासून मोजतोय. १ मेच्या ग्रामसभेत फ्लेक्स लावायचाय. एक्सेलमध्ये साधा उभ्या पट्ट्यांचा तक्ता केला, पण तो कोणी बघत नाही. म्हणून पट्ट्यांच्या जागी घागरी टाकल्या. आता सगळे म्हणतात चित्र छान आहे, पण कळतच नाही. आकडे असे: ऑक्टोबर १२, डिसेंबर १८, फेब्रुवारी २७, एप्रिल ३९. घागरी कशा काढू ते सांगा. परवा छापायला द्यायचंय.

फ्लेक्सवाला
ताई, सोपं आहे. घागरीचं चित्र घ्या, शिफ्ट दाबून कोपऱ्याला धरून ओढा, म्हणजे घागर वेडीवाकडी होत नाही. १२ ला जेवढी उंची असेल त्याच्या सव्वातीन पट ३९ ला करा. प्रमाण बरोब्बर राहतं. मी रोज हेच करतो.

गोदातीर
१२ काय? फूट, मीटर, परस? आणि कुठून मोजलं, जमिनीपासून खाली की विहिरीच्या तळापासून वर?

तेरणाकाठ
फूटच की. दोरीला दगड बांधून वरून सोडतो आणि पाण्याला टेकला की मोजतो. अजून कसं मोजणार?

गोदातीर
मग अडचण घागरीची नाही. तुमचा ३९ म्हणजे पाणी ३९ फूट खाली गेलं. पण चित्रात एप्रिलची घागर सगळ्यात मोठी आहे. बघणाऱ्याला वाटणार उन्हाळ्यात पाणी वाढलं.

तेरणाकाठ
हो! सरपंचांच्या काकू काल बघून म्हणाल्या, "चांगलंच की, पाणी वाढलंय." मला वाटलं त्यांना नीट दिसलं नसेल.

शेतीमित्र_औसा
पाणी वाढवायचं असेल तर ओढ्याचं पाणी गाळणीतून विहिरीत सोडा. आमच्या विहिरीला दोन पावसाळ्यांत फरक पडला. फ्लेक्सवर खर्च काहून करता?

गोदातीर
दादा, त्यांनी ते विचारलेलं नाही. ताई, विहीर एकूण किती खोल आहे? आणि मोजता तेव्हा मोटार बंद असते का?

तेरणाकाठ
४८ फूट, गाळ काढून. मोजतो पहाटे, मोटार चालू व्हायच्या आधी.

गोदातीर
मग ४८ मधून तुमचे आकडे वजा करा. विहिरीत उरलेलं पाणी मिळेल: ३६, ३०, २१, ९ फूट. गावाला हेच कळायला हवं.

आता शिफ्ट धरून ओढायचं बघू. उंची सव्वातीन पट केली की रुंदीही सव्वातीन पट होते. डोळा उंची मोजत नाही, कागदावर किती जागा व्यापली ते बघतो, आणि ती साडेदहा पट होते. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पाण्यात खरा फरक चार पटींचा आहे. पाण्याच्या आकड्यांवर हीच युक्ती केली तर तो सोळा पट दिसेल. आकडा खरा लिहिलेला असला तरी चित्र खोटं बोलतं.

फ्लेक्सवाला
सर, लोक आकडा वाचतात ना. खाली लिहिलेलाच असतो. इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही.

गोदातीर
दहा फुटांवरून आधी चित्र दिसतं, मग आकडा. काकूंनी आकडा वाचलाच नाही.

शाळामास्तर
घागरी ठेवायच्याच असतील तर सगळ्या एकाच मापाच्या ठेवा आणि संख्या बदला. १९२० च्या दशकात व्हिएन्नाच्या संग्रहालयात ओटो नॉयराथनं हीच पद्धत रुळवली: चिन्ह मोठं करायचं नाही, जास्त वेळा काढायचं. एक घागर म्हणजे ३ फूट धरलं तर १२, १०, ७ आणि ३ घागरी. तुमच्या आकड्यांना तीननं पूर्ण भाग जातो, अर्धी घागर कापायची वेळ येत नाही. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी पोरांना हेच करून दाखवलं. पहिल्या गाडीचे १० डबे, नंतरच्या गाड्यांचे ५०. पोरांनी एकसारखे डबे काढले आणि ओळीची लांबी बघूनच फरक सांगितला. तेव्हा आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा, रात्री दोनला उठून नंबर लावायचो...

गोदातीर
सर, पद्धत बरोबर आहे, पण इथे घागर नको. "एप्रिलमध्ये ३ घागरी" बघून कोणी तरी म्हणेल विहिरीत तीनच घागरी पाणी आहे. डबा खरोखर डबा होता. इथे घागर म्हणजे ३ फूट हे ध्यानात ठेवावं लागतं.

विहीरच काढा, ताई. चार विहिरी शेजारी शेजारी, उभा छेद घेतल्यासारख्या, सगळ्या एकाच मापाच्या. तुमची पट्टी म्हणजेच विहीर. रुंदी सगळीकडे सारखी असली की उंचीचं आणि दिसणाऱ्या जागेचं प्रमाण एकच राहतं. फ्लेक्स केवढा आहे?

तेरणाकाठ
६ बाय ४ फूट, आडवा. आमच्या विहिरीचा तळ थोडा निमुळता आहे, तसा दाखवू का?

गोदातीर
नको, सरळ ठेवा आणि शीर्षकात "पाण्याची उंची, फुटांत" असं लिहा. किती लिटर उरलं हे या चित्रातून सांगायचं नाही.

माप असं: अर्धा इंच म्हणजे एक फूट. विहीर २४ इंच उंच. पाणी ऑक्टोबरला १८ इंच, डिसेंबरला १५, फेब्रुवारीला साडेदहा, एप्रिलला साडेचार. वर-खाली मिळून २४ इंच शीर्षक, महिने आणि आकड्यांना उरतात. चारही विहिरींचे काठ एका आडव्या रेषेत आणि तळही एका रेषेत हवेत. पाण्यावर लाटा काढू नका. लाट काढली की पातळी लाटेच्या माथ्यावर की पायथ्याला, हे कळत नाही. सपाट रेघ हवी. रहाट, दोरी, पायऱ्या, कडुलिंब, घागर घेतलेली बाई हे सगळं काठाच्या वर, पाण्याच्या आत काही नाही.

करताना इंकस्केपमध्ये खालच्या थरावर या मापाच्या साध्या पट्ट्या ठेवून तो थर कुलूपबंद करा. चित्र मधल्या थरावर, अक्षरं सगळ्यात वर. शेवटी चित्राचा थर निम्मा पारदर्शक करून बघा. पाण्याची रेघ पट्टीच्या माथ्यावरून हलली असेल तर लगेच दिसेल.

फ्लेक्सवाला
हे मान्य. मग माझं एक ऐका. युनिकोड अक्षरं तशीच पाठवलीत तर आमच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये "फेब्रुवारी"तला ब्रु तुटतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते. Path मध्ये Object to Path करून पीडीएफ द्या. अक्षरं बदलता येतील अशी एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण नंतर आकडा दुरुस्त होत नाही. कडेला तीन इंच मोकळे सोडा. कडा दुमडून रिंगा ठोकतो तेव्हा तळ कापला जातो.

शाळामास्तर
आकडे मराठीच ठेवा. आणि निदान दीड इंच उंच, मात्रा-वेलांटी सोडून. दहा फुटांवरून एक इंच पुरतो म्हणतात, पण सभेत म्हातारी माणसं मागेच बसतात.

फ्लेक्सवाला
इंग्रजी आकडे ठेवा. लाईट बिल, मोबाईल, सगळीकडे तेच असतात. लांबून १ आणि ९ मध्ये गफलत होते.

शाळामास्तर
ती जाड ठशामुळे होते. पातळ ठसा घ्या. आमच्या आजीला इंग्रजी आकडे येत नाहीत.

तेरणाकाठ
काल रात्री केलं. आकडे मराठीच ठेवले, आमच्या गटातल्या दोघींना तेच येतात. आधी साध्या कागदावर काळं-पांढरं छापलं तर पाणी आणि विहिरीची भिंत एकाच करड्या रंगात गेली. भिंत फिकी केली. थर पारदर्शक केला तेव्हा फेब्रुवारीचं पाणी एक इंच वर दिसलं, बाईचं चित्र सरकवताना तेही सरकलं होतं. मग काकूंना कागद दाखवला. त्या एप्रिलच्या विहिरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढंच?" आणि ऑक्टोबरकडं बघितलं.

एक राहिलं. बायांना हवंय की दोरी किती फूट सोडावी लागते तेही दिसावं, म्हणजे १२, १८, २७, ३९. पाण्याच्या आकड्याशेजारी लिहिलं तर दोन आकड्यांत गोंधळ होईल का?

गोदातीर
पाण्याचा आकडा पाण्याच्या आत, पांढरा आणि मोठा. दोरीचा आकडा दोरीला चिकटून, लहान, पुढे "फूट दोरी" असा शब्द. एप्रिलच्या पाण्याची उंची साडेचार इंच आहे, त्यात आकडा बसतो. तरी काकूंना परत विचारा.

शाळामास्तर
मी दोरीचा आकडा काढूनच टाकीन. एका चित्रात एकच गोष्ट.

तेरणाकाठ
दोन्ही छापून उद्या दोघींना दाखवते.