अनुभव धागा: नोकरी लागल्यावर प्रीमियम प्लॅन बंद करताना काय काय झालं?

मीनल_पुणे: गेल्या महिन्यात नवीन नोकरीत रुजू झाले. शोधाच्या काळात लिंक्डइन प्रीमियमचा करिअर प्लॅन घेतला होता, तो आता नको. लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये, सबस्क्रिप्शनच्या पानावर गेले तर रद्द करायचं बटणच नाही! शेवटी लक्षात आलं की प्लॅन घेतला होता आयफोनच्या ॲपमधून, म्हणजे पैसे घेतं ॲपल. मग फोनची सेटिंग्ज, सगळ्यात वर आपलं नाव, त्यात Subscriptions, तिथून दोन मिनिटांत काम झालं. तुमचे अनुभव लिहा, खास करून पैसे कुठून कापले जात होते ते.

हर्षद७७: एवढा व्याप कशाला? यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा मॅंडेट रद्द करा, विषय संपला. मी तेच केलं, पुन्हा एक रुपया गेला नाही.

स्नेहल_के: हर्षद, पैसे जायचे थांबतात हे खरं, पण प्लॅन बंद होत नाही. मी पेमेंटच्या क्षेत्रात काम करते, हा घोळ रोज बघते. मॅंडेट काढला की समोरच्या कंपनीला फक्त 'पेमेंट फेल' एवढंच कळतं. तिच्या लेखी तुम्ही अजून ग्राहकच. ती पुन्हा प्रयत्न करते, मेल पाठवते, आणि त्या खात्यावर दुसरं कार्ड जोडलेलं असेल तर तिकडून पैसे काढू शकते. म्हणून आधी प्लॅन रद्द, खात्रीचा मेल हातात, आणि मग वाटलं तर मॅंडेट.

प्लॅन कुठून घेतला हे आठवत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट उघडा. तिथे ॲपल किंवा गूगलचं नाव असेल तर वेबसाइटवर शोधत बसू नका. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपला फोटो, Payments & subscriptions, मग Subscriptions. फोनवर दोन जीमेल खाती असतील तर ज्या खात्याने घेतला तेच निवडावं लागतं, नाहीतर यादी रिकामी दिसते आणि माणूस समजतो की प्लॅन बंदच आहे.

आणि कार्डावरून पैसे जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेचा संदेश येतो, 2021च्या ऑक्टोबरपासून. तो जाहिरात समजून पुसू नका. रक्कम, तारीख आणि थांबवायचा मार्ग, सगळं त्यातच असतं.

हर्षद७७: दुसरं कार्ड जोडलेलं आहे खरं. बघतो.

गौरी_ठाणे: मला नोकरी डॉट कॉमवरचं खातंच डिलीट करायचंय, सध्याच्या ऑफिसला दिसू नये म्हणून. ते पण असंच का?

मीनल_पुणे: गौरी, तो वेगळा विषय गं. इथे खातं ठेवायचंय, फक्त पैसे देणं थांबवायचंय.

स्नेहल_के: पण गौरीच्या प्रश्नातून एक सांगते: नुसतं ॲप काढून टाकल्याने प्लॅन थांबत नाही. खातं बंद करायचं असलं तरी आधी प्लॅन रद्द करावा.

अनिकेत_नागपूर: माझं प्रकरण फ्रीलान्सिंगचं. अपवर्कचा फ्रीलान्सर प्लस घेतला होता, मग एका क्लायंटनेच पूर्णवेळ घेतलं. बेसिकवर उतरलो. चालू कॉन्ट्रॅक्टला काही धक्का लागला नाही, भरलेल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत प्लसच्या सोयी चालू राहिल्या. त्यानंतर एखाद्या कामावर इतरांच्या बोली किती ते दिसेनासं झालं. मला त्याची गरज उरली नव्हती. ज्यांना संध्याकाळची छोटी कामं चालू ठेवायचीत त्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

वैशाली_डोंबिवली: लिंक्डइनवाल्यांसाठी: रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत सगळं वापरता येतं, मात्र उरलेले इनमेल क्रेडिट मुदत संपली की जातात. मी शेवटच्या आठवड्यात ते ज्यांनी मुलाखतीची वाट दाखवली त्यांना आभार कळवायला वापरले. लर्निंगमधले अर्धवट कोर्स पूर्ण केले, प्रमाणपत्रं उतरवून घेतली. आणि हो, रद्द करताना कारण विचारतात, कधी सवलतही पुढे करतात. शेवटचं Confirm दाबेपर्यंत काही रद्द होत नाही. मधूनच पान बंद केलं तर प्लॅन चालूच.

स्वप्निल_बी: रद्द कधी करायचं पण? ऑफर लेटर आलं की, रुजू झाल्यावर, की प्रोबेशन संपल्यावर? माझ्या मित्राची ऑफर रुजू व्हायच्या आधी मागे घेतली गेली.

वैशाली_डोंबिवली: मी ऑफर आली त्याच दिवशी केलं. मुदत तर चालू राहतेच, गरज पडली तर पुन्हा घेता येतो.

अनिकेत_नागपूर: मी पहिला पगार खात्यात येईपर्यंत थांबलो. एका महिन्याचे पैसे जास्त गेले, पण झोप लागली.

स्नेहल_के: मासिक असेल तर वैशालीचं पटतं. वार्षिक असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील हे धरून चालू नका, नूतनीकरण तेवढं आत्ताच बंद करून टाका. तारखेच्या आदल्या दिवशी नको, ॲपलला निदान एक दिवस आधी लागतं.

हर्षद७७: बघितलं. प्लॅन अजून 'ॲक्टिव्ह' दाखवतोय, आणि खाली जुनं क्रेडिट कार्ड. आत्ता रद्द केला. मेल अजून आला नाही, किती वेळ लागतो?