म्युनिकमध्ये न उघडलेली मालिका

देशपांडे काका (बी-३०४)
सर्व सभासदांस नमस्कार. आम्ही उभयता गेल्या गुरुवारी म्युनिकला मुलीकडे सुखरूप पोहोचलो असून दिवाळीपर्यंत मुक्काम येथेच आहे. एका अडचणीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पुण्यात आम्ही ज्या ॲपवर रोज रात्री मराठी मालिका पाहतो, त्याची वर्षाची वर्गणी मार्चमध्येच भरलेली आहे. विमानतळावर सामानाची वाट पाहत असताना सौ.ने माझ्या फोनवर त्या मालिकेची सुमारे दहा मिनिटे विनातक्रार पाहिली. घरी येऊन मुलीचे वायफाय जोडले आणि तेव्हापासून तेच ॲप, त्याच फोनवर, `This content is not available in your region` एवढेच सांगते. निघण्यापूर्वी चार भाग उतरवून घेतले होते. त्यांपैकी दोन विमानात पाहिले, उरलेले दोन आता उघडत नाहीत. जावई व्हीपीएन घ्या म्हणतात आणि मुलगी म्हणते की फोनमधील खात्याचा देश बदलून जर्मनी करावा. यांपैकी कोणाचे ऐकावे, हे ठरवण्यापूर्वी येथे विचारत आहे.

पाटील (अध्यक्ष, ए-१०१)
देशपांडे साहेब, दुबईला असताना क्रिकेटच्या बाबतीत माझा हाच अनुभव आहे. पैसे आपण भरले, खाते आपले, फोन आपला, तरी सामना दिसत नाही. तिकीट काढून एसटीत बसलेल्या माणसाला जिल्ह्याची हद्द ओलांडताच खाली उतरवण्यासारखा हा प्रकार वाटतो. सोनाली याच क्षेत्रात नोकरी करते, तिने सविस्तर लिहावे अशी विनंती.

सोनाली (सी-७०२)
काका, ॲपही धड आहे आणि तुमची वर्गणीही चालू आहे. मालिका दाखवण्याचा परवाना ॲपला देशवार मिळतो. निर्माता भारतातील हक्क एकाला, युरोपातील दुसऱ्याला आणि आखातातील तिसऱ्याला विकू शकतो, आणि आपल्या प्रदेशाबाहेरच्या प्रेक्षकापर्यंत चित्र पोहोचणार नाही याची तांत्रिक तजवीज करण्याचे बंधनही बहुधा त्याच करारात असते. त्यामुळे पाटील साहेबांची उपमा घ्यायची तर एसटीचा परवानाच जिल्ह्यापुरता आहे आणि तिकिटावर ते इतक्या बारीक अक्षरांत छापले आहे की कोणी वाचत नाही, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते.

क्रिकेटचे उदाहरण तर उघड आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क बीसीसीआयने २०२२ मध्ये लिलावात काढले, तेव्हा त्यांचे चार गट केले होते. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणी, उपखंडातील डिजिटल, काही निवडक सामन्यांचे डिजिटल हक्क आणि उर्वरित जग असे ते गट होते. म्हणजे भारतात फोनवर सामना दाखवणाऱ्याने जे विकत घेतले, त्यात दुबई मुळात नव्हतीच.

आता काकांच्या फोनचे पाहू. प्रेक्षक कोठे बसला आहे हे ॲप मुख्यतः आयपी पत्त्यावरून ओळखते. तो पत्ता ज्या कंपनीच्या जाळ्यातून आपण इंटरनेटवर बाहेर पडतो, तिच्याकडून मिळतो. विमानतळावर तुमचे भारतीय सिम रोमिंगवर होते. रोमिंगमध्ये मनोरा जर्मन कंपनीचा असला तरी डेटा साधारणपणे आधी तुमच्या भारतीय कंपनीकडे नेला जातो आणि तेथून इंटरनेटवर सोडला जातो. म्हणून ॲपच्या दृष्टीने तुम्ही त्या दहा मिनिटांत भारतातच होता. मुलीच्या वायफायला जर्मन पत्ता आहे, त्यामुळे घरी पोहोचताच तुम्ही जर्मनीत आलात. वायफाय बंद करून फक्त रोमिंग सुरू ठेवावे, ब्राउझरमध्ये `what is my ip` असे शोधावे आणि देश कोणता येतो ते पाहावे. नंतर वायफायवर तेच करावे. दोन वेगळे देश आले, तर निदान पक्के झाले असे समजा.

देशपांडे काका (बी-३०४)
सोनाली, तू सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. रोमिंगवर इंडिया आणि वायफायवर जर्मनी असेच आले, आणि रोमिंगवर मालिका खरोखर सुरू झाली. मात्र उतरवलेल्या भागांचे कोडे सुटलेले नाही. ते तर फोनमध्येच आहेत ना?

सोनाली (सी-७०२)
फाइल फोनमध्ये आहे, पण ती कुलूपबंद आहे आणि किल्लीला मुदत आहे. ॲपला इंटरनेट मिळाले की ते सर्व्हरकडे किल्लीची पुन्हा चौकशी करते. विमानात इंटरनेट नसल्याने जुनी किल्ली चालली. घरी वायफाय जोडताच चौकशी जर्मन पत्त्यावरून गेली आणि सर्व्हरने नकार दिला. सर्वच ॲप इतके कडक नसतात, परंतु परदेशी निघताना उतरवलेले भाग पोहोचल्यावरही चालतील असे गृहीत धरू नये, आणि पाहायचेच असतील तर फोन विमान मोडवरून काढण्यापूर्वी पाहावेत.

रोमिंगवर रोज मालिका पाहणे मात्र परवडणारे नाही. साध्या दर्जाच्या चित्रालाही तासाला एक जीबीच्या आसपास डेटा लागतो, आणि रोमिंगच्या पॅकमध्ये एवढा डेटा क्वचितच असतो. अर्धा तास पाहून झाल्यावर शिल्लक तपासून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

जोशी काकू (बी-२०३)
सोनाली, गेल्या वर्षी आम्ही इटलीला गेलो तेव्हा प्रवासासाठी मिळणारे ई-सिम घेतले होते. त्यावर आमचे एक ॲप आम्हाला चक्क हाँगकाँगमध्ये दाखवत होते. आम्ही तेव्हा ते हसण्यावारी नेले. त्याचेही कारण हेच का?

सोनाली (सी-७०२)
होय काकू, तेच. प्रवासी ई-सिम विकणारे बहुतेक जण दुसऱ्याच एखाद्या देशातील मोबाइल कंपनीची जोडणी घेऊन विकतात, आणि डेटा त्या देशातून बाहेर पडतो. त्यामुळे तुम्ही रोममध्ये, सिम तिसऱ्याच देशाचे आणि खाते पुण्याचे, असा तिढा होतो. अशा वेळी ॲप ना भारताची यादी दाखवते ना इटलीची.

पाटील (अध्यक्ष, ए-१०१)
मग देशच बदलून टाकावा, ही देशपांडे साहेबांच्या मुलीची सूचना योग्य ठरत नाही का?

सोनाली (सी-७०२)
येथे मात्र घाई करू नये, काका. फोनच्या खात्याचा देश आणि तुम्ही आत्ता बसलेला देश या दोन स्वतंत्र बाबी आहेत. खात्याच्या देशावरून तुम्हाला स्टोअरमध्ये कोणती ॲप दिसतील, किंमत कोणत्या चलनात लागेल आणि कोणते कार्ड चालेल हे ठरते. ॲपच्या आत मालिका सुरू होईल की नाही, हे बहुतांशी आयपी पत्त्यावरून ठरते. खाते जर्मन केल्याने भारतीय ॲपला जर्मनीतील हक्क मिळणार नाहीत, म्हणजे ज्यासाठी बदल केला ते कुलूप तसेच राहील.

उलट नवे त्रास उभे राहतील. गूगल प्लेमध्ये `Country and profiles` या ठिकाणी देश बदलता येतो, पण त्यासाठी त्या देशात असावे लागते, तेथील कार्ड जोडावे लागते आणि एकदा बदलल्यावर वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. जुन्या देशातील शिल्लक रक्कम नव्या देशात वापरता येत नाही. दिवाळीनंतर तुम्ही पुण्यात परत याल, पण खाते पुढच्या वर्षापर्यंत जर्मनीतच अडकलेले असेल, आणि जी ॲप फक्त भारतासाठी ठेवलेली आहेत, ती त्या खात्यात शोधूनही सापडणार नाहीत किंवा अद्ययावत होणार नाहीत. बँकेच्या ॲपच्या बाबतीत हे घडले तर मालिकेचे दुःख फारच किरकोळ वाटेल. ॲपलच्या खात्यात वर्षाची अट नसली तरी आधी शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते आणि फॅमिली शेअरिंगमध्ये असाल तर बहुधा त्यातूनही बाहेर पडावे लागते. कायमचे स्थायिक होणाऱ्याने हे सारे जरूर करावे. तीन महिन्यांच्या पाहुण्याने करू नये.

देशपांडे काका (बी-३०४)
पटले, खात्याला हात लावत नाही. व्हीपीएनविषयी जावयांना काय सांगू?

सोनाली (सी-७०२)
व्हीपीएन आपला डेटा दुसऱ्या देशातील सर्व्हरमधून फिरवून तेथला आयपी पत्ता दाखवते. बहुतेक ॲपच्या अटींत त्याला मनाई आहे, हे आधी सांगते. व्यवहाराच्या दृष्टीनेही फारसे हाती लागत नाही, कारण व्हीपीएनच्या सर्व्हरचे पत्ते घरगुती जोडणीचे नसतात आणि ॲपवाले त्यांच्या याद्या बाळगून असतात. शिवाय ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये दिल्यानंतर अनेक मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले. आज त्यांच्याकडे ‘इंडिया’ म्हणून जे दिसते, ते यंत्र प्रत्यक्षात सिंगापूरला किंवा आणखी कोठेतरी असू शकते.

देशपांडे काका (बी-३०४)
एक शंका राहिली. परवा आम्ही मुलीबरोबर साल्झबुर्गला गेलो होतो. ते ऑस्ट्रियात आहे, तरी तिच्या जर्मन खात्यावरील सर्व काही तेथे जसेच्या तसे दिसत होते. तिला सीमा आडवी येत नाही आणि मला येते, हे कसे?

सोनाली (सी-७०२)
कारण तिच्या बाजूने कायदा आहे. युरोपीय संघाचा २०१७ चा एक नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. संघातील एका देशात राहणारा ग्राहक दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरता गेला, तर सशुल्क सेवेने त्याला घरचीच यादी जादा पैसे न घेता दाखवली पाहिजे, असे त्यात आहे. त्यासाठी कंपनी ग्राहकाचे राहण्याचे ठिकाण एकदा कागदपत्रांवरून किंवा कार्डावरून तपासून घेते, आणि तो पाहत असलेला देश कोणताही असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो घरीच पाहत आहे असे मानले जाते. म्हणून कंपनीकडून करारभंगही होत नाही. स्वित्झर्लंड संघात नसल्याने मुलगी झुरिकला गेली तर हा हक्क तेथे लागू नाही, आणि ब्रिटन २०२१ च्या सुरुवातीपासून त्यातून बाहेर आहे. भारतीय ग्राहकासाठी असा कोणताही करार नाही.

तुम्ही एवढेच करून पाहा. त्याच मालिकेचे युरोपातील हक्क कोणाकडे आहेत, ते मुलीच्या फोनवर, तिच्या खात्यातून शोधावे. मालिकेचे नाव आणि वाहिनीचे नाव दोन्ही टाकावे, कारण परदेशासाठी वाहिन्यांचे ॲप कधी कधी वेगळ्या नावाने असते. मिळाले तर महिन्याचीच वर्गणी घ्यावी. भारतातील वर्गणी रद्द करू नये, तेथून ती पुन्हा सुरू करणे जिकिरीचे होते. भारतीय सिमही काढून ठेवू नये, कारण पुन्हा लॉगिन करताना ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

देशपांडे काका (बी-३०४)
सोनाली, तुझे अनेक आभार. मुलीच्या खात्यातून शोधल्यावर मालिका सापडली. ॲप निराळे आहे, वर्गणी युरोमध्ये आहे आणि ती जावयांनी भरली. भाग मात्र पुण्यापेक्षा दोन दिवस उशिरा येतात. सौ.ची ग्रुपवरील सर्व भगिनींना नम्र विनंती आहे की दिवाळीपर्यंत कोणीही कालच्या भागात काय घडले, ते येथे लिहू नये.