वीस टक्के सूट की दहा टक्के: बाबांच्या बीपीच्या गोळीचा खरा भाव कोणता?

दारव्हेकर_मुलगा: बाबांना टेल्मिसार्टन 40 रोज एक, कायमची. गावातला मेडिकलवाला दहा टक्के सोडतो, तालुक्याचा वीस टक्के. पाकिटं वेगवेगळ्या कंपनीची आहेत. तालुक्याहूनच आणावी ना? गावातला लुटतोय का?

कपाशीवाला: यात विचारायचं काय? वीस म्हणजे वीस, दहाच्या दुप्पट. गावातल्याला गिऱ्हाईक बांधलेलं आहे, म्हणून तो सोडत नाही. तालुक्याहून आणा.

मीना_ताई: टक्के बाजूला ठेवा. दोन्ही पाकिटांवर छापलेली एमआरपी किती आणि आत गोळ्या किती, तेवढं आधी सांगा.

दारव्हेकर_मुलगा: तालुक्याचं पाकीट 105 रुपये, 15 गोळ्या. गावातलं 60 रुपये, 10 गोळ्या.

मीना_ताई: मग बघा. 105 मधून वीस टक्के गेले, राहिले 84. भागिले 15, म्हणजे गोळी 5 रुपये 60 पैशांना. गावातलं 60 मधून दहा टक्के गेले की 54, भागिले 10, गोळी 5 रुपये 40 पैशांना. कमी सूट देणाऱ्याकडेच गोळी स्वस्त पडते. मुळात ते पाकीटच 7 रुपये गोळीच्या भावाने छापलंय आणि हे 6 च्या. सूट छापलेल्या किमतीवर बसते, आणि ती किंमत कंपनी ठरवते.

कपाशीवाला: वीस पैसे! महिन्याला सहा रुपयांचा फरक. त्यासाठी एवढा हिशोब? आणि मग सरळ म्हणा की जास्त सूट देणारे सगळे एमआरपी फुगवून बसलेत.

औषधी_काउंटर: मी स्वतः मेडिकल चालवतो. सगळे नाही, भाऊ. सरकारने ज्या औषधांची कमाल किंमत बांधली आहे, त्यात दुकानदाराचा नफा खरेदीवर 16 टक्के धरलेला असतो. जीएसटी बाजूला ठेवा: 100 ला घेतलं, 116 ला विकलं. 116 वर वीस टक्के सोडले तर हातात 92 रुपये 80 पैसे येतात, म्हणजे घरून भरायचे. तरी कोणी वीस टक्के देत असेल, तर त्याला कंपनीकडून स्कीम मिळाली असेल, दहावर एक फुकट वगैरे, किंवा त्याची खरेदीच मोठी असेल. छोट्या गावात तेवढा माल उठत नाही. दहा टक्के देणाऱ्याला लुटारू म्हणू नका.

रामटेकवाला_काका: मले तं बीपीची गोळी चार रुपयालेच भेटते. मुलाले सांगा, ह्या दोन्ही सोडा अन् तेच घ्या. नावाच्या मांगं फक्त 'एच' हाय.

औषधी_काउंटर: काका, तो 'एच' साधा नाही. त्यात लघवीवाटे पाणी काढणारं दुसरं औषध जोडलेलं असतं. स्वस्त आहे म्हणून ते घेता येत नाही. पाकिटामागे औषधाचं नाव अन् मिलिग्रॅम दोन्ही जुळले, तरच भावाची तुलना करायची. कंपनी बदलतानाही डॉक्टरांच्या कानावर घाला.

रामटेकवाला_काका: बरं झालं बाप्पा सांगितलं. पण मले डॉक्टरनंच दिलं, माह्यं चालू ठेवतो.

वर्धेची_सून: माझं वेगळंच आहे. आठवड्याचे पैसे हाती आले की सात गोळ्या घेते, तेच 15 चं 105 रुपयांचं पाकीट कापून. मागच्या खेपेला 55 घेतले, म्हणे सुट्या गोळ्यांवर सूट नाही.

मीना_ताई: सूट देणं न देणं त्याच्या मर्जीवर, पण सुट्या गोळीचा भाव पाकिटाच्या हिशोबाच्या वर जाऊ शकत नाही. 105 भागिले 15, सात रुपये. सात गोळ्यांचे 49. त्याने सहा रुपये जास्त घेतलेत. बिल मागा. वर जीएसटी लावतो म्हणाला तरी मानू नका, एमआरपीत सगळे कर आलेले असतात. आणि कापताना एक्स्पायरी छापलेला तुकडा कुठे जातो तेही बघा, नाहीतर तारीख दुकानातच राहते.

औषधी_काउंटर: 55 घेतले ते चूकच. पण कापलेल्या पाकिटावर सूट मागू नका. उरलेल्या आठ गोळ्या कोणी घेतल्या नाहीत तर आमच्याच गळ्यात पडतात, कंपनी तसं पाकीट परत घेत नाही.

वर्धेची_सून: म्हणजे ज्याच्याजवळ महिन्याचे पैसे एकदम आहेत त्याला सूट, अन् आम्हाला पूर्ण भाव. हे पटत नाही.

दारव्हेकर_मुलगा: आमचं गावातलंच पाकीट घेतो मग. दोन्हींच्या मागे फक्त टेल्मिसार्टन 40 लिहिलंय, पाहिलं. डॉक्टरांना विचारून घेईन.

कपाशीवाला: एक मात्र राहिलं. बाबा पंच्याहत्तरीच्या वर असतील तर एसटीला तिकीट लागत नाही. तालुक्याला कोणी कमी एमआरपीचं पाकीट अन् वीस टक्के दोन्ही देत असेल तर? तीन-चार दुकानं विचारून या.

मीना_ताई: बीपीच्या माणसाला सूट शोधायला उन्हात फिरवू नका. फोनवर एमआरपी अन् गोळ्या विचारल्या तरी भाव निघतो.