शिकाऊ इलेक्ट्रिशियनना ड्रिल मशीन शिकवायचंय, प्रात्यक्षिक आणि सरावाचा आराखडा कसा ठेवावा?

तारांगण
नमस्कार मंडळी. वायरिंगच्या कामावर सहा नवीन शिकाऊ आलेत, चार मुलं आणि दोन मुली. त्यांना हँड ड्रिल शिकवायचं माझ्याकडे आलंय. दोन मशीनं आहेत, एक साधं 10 मिमी चकचं आणि एक हॅमरवालं 13 मिमीचं. शिकवणारा मी एकटाच.

डोक्यात आहे ते असं: आधी तासभर मी करून दाखवणार, मग दोन गट करून दोन्ही मशीनांवर सराव आणि शेवटी वीस मुद्द्यांची यादी. प्रत्येक मुद्द्याला एक गुण, पंधरा मिळाले की पास. पुढे साइटवर त्यांना डीबीच्या पत्र्यात ग्लँडची भोकं पाडायची आहेत, भिंतीत गिट्ट्या ठोकायच्या आहेत. यात काय बदलावं, काय राहिलंय, सांगा.

रंधा
हातानं फिरवायचं, दातेरी चाकाचं ड्रिल शिकवताय ना? छान. त्याला डाव्या हातानं वरची मूठ दाबायची, उजव्यानं चाक फिरवायचं आणि बिट सरळ उभा आहे का ते दोन बाजूंनी बघायचं. आजकाल कोणी शिकवत नाही.

तारांगण
नाही हो, विजेवरचं. आमच्याकडे सगळे त्यालाच हँड ड्रिल म्हणतात.

रंधा
मग माझा सल्ला फुकट गेला. तरी एखादं सापडलं तर पहिली दोन भोकं त्याच्यावर पाडायला द्या. बिट लाकूड कापतोय की नुसता घासतोय, हे हाताला कळतं. मोटरच्या जोरात ते कळत नाही.

जुना फोरमन
रंधासाहेबांचं म्हणणं अगदीच फुकट नाही, पण मी मुख्य गोष्टीवर येतो.

पंधरा गुणांचा नियम आधी काढा. वीसपैकी एकोणीस गोष्टी नीट करून चकमध्ये चावी तशीच ठेवून बटण दाबणारा पोरगा तुमच्या यादीत पास होतोय. ती चावी गोळीसारखी सुटते. यादीचे दोन भाग करा. पहिला "थांबवा" भाग. यातलं एक जरी चुकलं तरी त्या दिवशीचा सराव तिथेच बंद, पुन्हा पहिल्यापासून. दुसरा "सुधारा" भाग, म्हणजे भोक किती सरळ आलं, बिट योग्य निवडला का, आवराआवर केली का. त्याला गुण द्या नाहीतर देऊ नका.

माझ्या "थांबवा" भागात एवढंच असतं:

बिट बदलताना प्लग काढलेला.
प्लग लावण्याआधी चावी चकबाहेर आणि बटणाचं लॉक सुटं.
डोळ्यावर गॉगल, बाह्या कोपराच्या वर, गळ्यात-बोटात काही नाही, केस बांधलेले.
काम शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये, हातात नाही.
भिंत असेल तर मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बिट टेकवायचा नाही.

लॉकची गोष्ट नवशिक्यांना सुचतच नाही. कोणीतरी लॉक दाबलेलं तसंच ठेवतो, दुसरा प्लग लावतो आणि मशीन टेबलावर स्वतःहून फिरायला लागतं. म्हणून प्रात्यक्षिकात हे मुद्दाम दाखवा, अर्थात चकमध्ये बिट न लावता आणि मशीन हातात घट्ट धरून.

प्रात्यक्षिकाबद्दल: तासभर बोलू नका. एक भोक एक शब्दही न बोलता पाडा, त्यांना नुसतं बघू द्या. दुसरं पाडताना प्रत्येक पायरी कशासाठी ते सांगा. तिसऱ्या वेळी पोरांनी पायऱ्या सांगायच्या आणि तुम्ही फक्त सांगितलेलं करायचं. "बटण दाबा" म्हणाले आणि "गॉगल घाला" विसरले, तर मशीनला हात न लावता तसेच उभे राहा. मग मशीन त्यांच्या हातात. यात खरं शिक्षण तिसऱ्या फेरीत होतं.

शिडीवाला
आमच्याकडे स्लॅबला हुक बसवायचं काम असतं, शिडीवर उभं राहून वर भोकं पाडायची. तेही यात घ्या ना, रोजचंच आहे.

जुना फोरमन
घेऊ नका. एक हात शिडीला गेला की मशीन एका हातात राहतं, आणि वरून पडणारी धूळ गॉगलच्या फटीतून आत जाते. त्यासाठी दोन्ही पाय सपाट राहतील असा मचाण लागतो. तो वेगळा धडा आहे, जमिनीवरचं पक्कं झाल्यावरचा.

शिडीवाला
मचाण आणायला वेळ कोणाकडे असतो.

तारांगण
फोरमनसाहेब, पत्र्याबद्दल जरा सविस्तर सांगाल का? लाकडात कोणाला अडचण येत नाही. पत्र्यात मात्र मशीन हातातून फिरतं.

जुना फोरमन
तेच खरं शिकवायचं आहे. पत्रा कापेपर्यंत बिट शांत असतो, गडबड होते ती आरपार जाताना. टोक पलीकडे निघतं, कापणाऱ्या धारा अजून पत्र्यातच असतात, आणि वरून तुमचा दाब तेवढाच. धार पत्र्याच्या कडेत रुतते. मग पत्रा मोकळा असला तर तो पंख्यासारखा फिरतो, आणि पत्रा बांधलेला असला तर मशीन फिरतं.

मशीन कुठल्या बाजूला फिरेल हे आधी सांगून ठेवा. मागून बघितलं तर बिट घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणजे अडकल्यावर मशीन उलटं जाणार: खालची मूठ उजवीकडे झटकते, उजवं मनगट पिळतं. बाजूची मूठ डावीकडे लावून डाव्या हातात धरली असेल तर ती खाली जायला बघते, आणि खाली जाणारा हात रोखणं सोपं असतं. ती मूठ डब्यात ठेवून मशीन वापरू देऊ नका.

आता एक भोक पूर्ण घेऊ. डीबीच्या पातळ पत्र्यात 20 मिमी ग्लँडसाठी भोक पाडायचंय. पत्रा लाकडाच्या फळीवर ठेवून दोन क्लॅम्पनी बांधायचा. खूण करून सेंटर पंचानं खड्डा पाडायचा, नाहीतर बिट सरकतो आणि रंगावर ओरखडा काढतो. आधी 4 मिमीच्या लोखंडाच्या बिटनं लहान भोक, हॅमर बंद. मग पायऱ्यांचा बिट लावून कमी वेगानं एकेक पायरी मोठं करत 20 पर्यंत. फळीत बिट उतरायला जागा हवी, म्हणून या टप्प्याला फळीत आधीच मोठं भोक असलेली जागा पत्र्याखाली आणायची. जाड साधा बिट सरळ पत्र्यावर चालवला तर भोक गोल न येता तिकोनी येतं आणि मागे कडा फाटतात. भोक तिकोनी दिसलं की काय झालं ते विचारायचीही गरज नाही.

आणि एक युक्ती. 4 मिमीच्या भोकानंतर पत्रा उचलून खालची फळी बघा. ज्यानं आरपार जाताना दाब सोडला, त्याच्या फळीवर जेमतेम टिकली उमटते. ज्यानं रेटला, त्याच्या फळीत बिट खोल घुसलेला असतो. मी यादीत "दाब योग्य" असं लिहीत नाही, फळीवरची खूण बघतो. तीन सलग भोकांत टिकली आली तर पुढे जायचं. आवाजही बदलतो, आरपार व्हायच्या आधी जरा पोकळ लागतो. पोरांना आधी तो ऐकायला लावा.

मीटररीडर
भिंतीच्या कामाला एवढं घाबरायचं काय? एक्स्टेन्शनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. आत वायर लागली तरी तो उडतो, माणूस वाचतो. शिवाय हल्ली सगळी मशीनं डबल इन्सुलेशनची असतात.

जुना फोरमन
आरसीसीबी लावाच, त्यात वाद नाही. पण तो मशीनच्या स्वतःच्या सर्किटवर नजर ठेवतो. मशीन किंवा त्याची केबल खराब झाली तर तो कामाचा. भिंतीत पुरलेली वायर दुसऱ्याच सर्किटची असेल, तर तिचा फेज बिटला लागल्यावर तुमच्या एक्स्टेन्शनमधल्या आरसीसीबीला काही कळणारच नाही.

डबल इन्सुलेशनचंही तेच. आतला दोष बाहेर येऊ नये म्हणून ते असतं. बिट बाहेरच्या चालू वायरला लागला तर बिट, चक आणि पुढचा धातूचा भाग जिवंत होऊ शकतो. म्हणून हात कायम प्लॅस्टिकच्या मुठींवर. पुढच्या धातूच्या भागावर हात ठेवून दाबायची सवय दिसली की तिथेच थांबवा.

मीटररीडर
हे असं डोक्यात आलं नव्हतं. मग भिंतीत सराव द्यायचा कसा? चालू वायरवर तर देता येणार नाही.

खटका
आमच्या बाई शिकवायच्या ते सांगते. प्लायवूडच्या चौकटीत मागून दोन-तीन वायरी बांधायच्या, त्यात 9 व्होल्टची बॅटरी आणि छोटा दिवा. पुढून जिप्समचा बोर्ड लावायचा, वर स्विचबॉक्स आणि सॉकेट बसवायचं, पण आतल्या वायरी कुठून गेल्यात ते सांगायचं नाही. शिकाऊनं आधी अंदाज बांधून पेन्सिलीनं रेघ मारायची: स्विचबॉक्सच्या सरळ वर-खाली, सॉकेटच्या आडव्या रेषेत. मग भोक कुठे पाडणार ते बोलून दाखवायचं आणि पाडायचं. वायर तुटली की दिवा विझतो, सगळ्यांना दिसतं. खऱ्या कामावर याच्याआधी सप्लाय बंद करून टेस्टरनं खात्री करायची, हे बाई प्रत्येक वेळी वदवून घ्यायच्या. एक वायर मुद्दाम तिरकीही टाकायच्या, कारण लोक तिरक्याही टाकतात.

तारांगण
खटकाताई, हे उत्तम. लगेच बनवतो. सहा जण कसे बसवू?

खटका
दोन गट, पण मशीन एका वेळी एकच चालू. तुम्ही एकटे आहात, दुसऱ्या मशीनकडे पाठ असेल तर ती देखरेख नाही. तिघांपैकी एक मशीनवर, एक एक्स्टेन्शनच्या स्विचपाशी, एक यादी घेऊन लांब उभा. स्विचवाल्यानं "थांब" म्हटलं की बंद करायचं, कारण नंतर विचारायचं. दुसरा गट तोवर बिट ओळखणं, केबल आणि प्लग तपासणं करेल, सगळं प्लग काढून.

शिडीवाला
आणि हातमोजे? यादीत दिसत नाहीत. आमच्याकडे हातमोजे नसले की साहेब ओरडतो.

जुना फोरमन
फिरत्या बिटजवळ नाही. मोज्याचं टोक अडकलं की बोटासकट ओढलं जातं. पत्र्याच्या धारदार कडा उचलताना घाला, मशीन हातात घेताना काढा.

खटका
भिंतीत हॅमर बराच वेळ चालवायचा असेल तर बोटांना घट्ट बसणारे, कंपन कमी करणारे मोजे आमच्याकडे चालतात. दोन्ही हात मुठींवर असतात, बिट लांब असतो.

जुना फोरमन
मला ते पटत नाही. नवशिक्याचा हात मुठीवरच राहील याची खात्री कोण देणार?

खटका
मग बाजूची मूठ सोडून हात पुढे गेला की "थांबवा" यादीत टाका, मोजे असोत-नसोत.

तारांगण
मोज्यांचं मी पत्रा आणि भिंत असं वेगळं लिहून साहेबांपुढे ठेवतो. एक विचारायचं राहिलं: त्या बोर्डात एकाच सर्किटवर तीन वायरी घेतल्या तर कुठली तुटली ते कळणार नाही ना?

खटका
नाही कळणार. प्रत्येक वायरीला वेगळा दिवा द्या, बॅटरी एकच चालते. आणि वायर तुटल्यावर जोडता यावी म्हणून मागची बाजू उघडी ठेवा, नाहीतर दर वेळी जिप्सम काढत बसाल.